सपोर्ट १० मिमी दबवला तरी बी वरचं मोमेंट जागचं हललंच नाही, काऊन?

पाचवंसेम

मंडळी, गुरुवारी इंटर्नल आहे आणि मी दोन दिवसांपासून एकाच गणितात अडकून राहिलो आहे. झेरॉक्सवाल्याकडून आणलेल्या जुन्या पेपरातलं आहे त्यामुळे उत्तर कुठेच छापलेलं नाही.

सलग बीम ए-बी-सी. ए फिक्स्ड, बी मधला सपोर्ट, सी शेवटचा साधा रोलर. एबी ६ मीटर, त्यावर पूर्ण लांबीत २० किलोन्यूटन प्रति मीटर. बीसी ४ मीटर, मधोमध ६० किलोन्यूटनचा पॉइंट लोड. ईआय सगळीकडे सारखं, १२००० किलोन्यूटन मीटर वर्ग. बी सपोर्ट १० मिमी खाली दबतो. स्लोप डिफ्लेक्शननेच सोडवायचं आहे.

मी आधी सरावासाठी सपोर्ट दबलाच नाही असं धरून सोडवलं, तर ए ला ६३.५३ आणि बी ला ५२.९४ आलं, दोन्ही हॉगिंग. मग सेटलमेंट टाकून पुन्हा मांडलं. क्लॉकवाइज प्लस धरलं आहे.

```
M_AB = -60 + 4000θB - 20
M_BA =  60 + 8000θB - 20
M_BC = -30 + 12000θB + 6000θC - 45
M_CB =  30 + 6000θB + 12000θC - 45
```

आता ए ला ७३.५३ येतं आणि बी ला पुन्हा ५२.९४!! दोन दशांश स्थळांपर्यंत तेच. म्हणजे सपोर्ट दबला बी चा आणि बी लाच काही फरक नाही? तीन वेळा कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. रिअॅक्शनची बेरीजही १८० बरोब्बर येते, म्हणजे लोडाइतकीच. पण रूममेटचं उत्तर ८४.१२ आणि ३१.७६ आहे आणि तो म्हणतो माझंच बरोबर, का ते मात्र त्याला सांगता येत नाही. कोण बरोबर?

एमएच३१वाला

सपोर्ट दबला तर दबू दे, तू नको दबू बे.

सळई

दोघंही चुकले आहात. सी ला साधा सपोर्ट आहे म्हणजे तिथे मोमेंट शून्य, मग थीटा सी चा अननोन ठेवताच कशाला? सुधारलेलं समीकरण वापरा, चारच्या जागी तीन ईआय बाय एल. एकच अननोन उरतो, दोन ओळीत गणित खलास. आणि बीसी मध्ये ४५ प्लस यायला पाहिजे, तू मायनस घेतलं आहेस. मी केलं ते असं:

```
M_BC = -30 + 9000θB + 45
```

बी पाशी बेरीज शून्य केली की बी ला १४.१२ आणि ए ला ९२.९४. आम्ही तर नेहमी असंच करायचो.

पाचवंसेम

घ्या, आता तीन उत्तरं झाली 😭

बेसाकर

धागा वाचला, विषय सपोर्ट दबण्याचा आहे म्हणून विचारतो. आमचं बेसा भागात ग्राउंड प्लस वन घर आहे, काळ्या मातीत. नऊ वर्षं झाली. हॉलच्या भिंतीत मागच्या उन्हाळ्यापासून तिरपी भेग पडली आहे, खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वर स्लॅबकडे जाते. कंत्राटदार म्हणतो कॉलम थोडा बसला असेल, पुट्टी भरून घ्या. १० मिमी चालतं का? किती मिमीपर्यंत काळजी करायची नाही?

एमएच३१वाला

काका, इथे पोरगं थीटा शोधून राहिलं आहे आणि तुम्ही पुट्टी विचारून राहिले.

खामल्याचे मास्तर

बेसाकर, तुमच्याकडे येतो, थांबा. आधी पोराचं.

पाचवंसेम, समीकरणं दोन मिनिटं बाजूला ठेव आणि कागदावर फक्त बीमची सरळ रेघ काढ. लोड नको, वाकलेला आकारही नको. ए आणि सी जागेवर आहेत, बी चा ठिपका थोडा खाली घे. आता ए पासून बी पर्यंत पट्टीने रेघ मार, मग बी पासून सी पर्यंत. पहिली रेघ उजवीकडे जाताना खाली उतरते, म्हणजे मूळच्या आडव्या रेघेपासून ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरली. दुसरी उजवीकडे जाताना वर चढते. म्हणजे ती उलटी फिरली. सपोर्ट एकच दबला, मिमी तेच १०, पण दोन स्पॅनच्या रेघा दोन दिशांना फिरल्या. तू दोन्हीकडे मायनस लावलंस.

तुझ्या फॉर्म्युल्यात रेघ घड्याळासारखी फिरली की वजा, हे ठीक. मग उलटी फिरली की अधिक. एबी मध्ये वजा २० बरोबर, बीसी मध्ये अधिक ४५ पाहिजे. चिन्ह पाठ करायच्या भानगडीत पडू नको, प्रत्येक स्पॅनची रेघ वेगळी काढ. निम्मी पोरं इथेच जातात, कारण "बी दबला म्हणजे डेल्टा प्लस" असं एकदा डोक्यात बसलं की ते दोन्ही स्पॅनला चिकटतं.

सळईराव, तुमचं ४५ चं चिन्ह बरोबर आहे. बाकीचं नंतर बोलू.

वऱ्हाडी_बीम

मास्तर पण आमच्या पुस्तकात तर फॉर्म्युल्यातच प्लस तीन डेल्टा बाय एल आहे आणि अँटीक्लॉकवाइज प्लस. मंग तेथे काय करायचं? आमचे सर म्हणत "उजवा सपोर्ट डाव्यापेक्षा खाली गेला का डेल्टा प्लस", एवढंच ध्यानात ठेवा.

खामल्याचे मास्तर

तुमच्या सरांचं वाक्यही चालतं, फक्त ते प्रत्येक स्पॅनला नव्याने विचारावं लागतं. एबी मध्ये उजवा बी, तो डाव्यापेक्षा खाली. बीसी मध्ये उजवा सी, तो डाव्यापेक्षा वर, म्हणून डेल्टा वजा. मोमेंट कोणत्या दिशेला प्लस धरता ते तुमचं तुम्ही ठरवा. दोन पुस्तकांतले फॉर्म्युले मिसळले की मग मात्र देवही वाचवत नाही.

पाचवंसेम

केलं!

```
M_BC = -30 + 12000θB + 6000θC + 45
M_CB =  30 + 6000θB + 12000θC + 45 = 0
M_BA + M_BC = 0
```

दुसऱ्यातून ६००० थीटा सी म्हणजे वजा ३७.५ वजा ३००० थीटा बी, ते तिसऱ्यात टाकलं की १७.५ अधिक १७००० थीटा बी बरोबर शून्य. थीटा बी वजा ०.००१०३. ए ला ८४.१२, बी ला ३१.७६. रूममेट जिंकला, आता त्याला तर्री पोहे खाऊ घालावे लागणार.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. चिन्ह चुकलं तर उत्तर चुकणार हे समजलं. पण चुकून नेमकं जुनंच ५२.९४ कसं आलं? काहीतरी भलतंच यायला पाहिजे होतं ना. आणि रिअॅक्शनची बेरीज मग बरोबर कशी आली?

धंतोलीची

बेरजेचं आधी सांगते. रिअॅक्शनची बेरीज लोडाइतकी येणं हे फक्त स्टॅटिक्स आहे. तू मोमेंटसाठी मनाला येतील ते आकडे घे, अगदी ए ला ५ आणि बी ला ५००, त्यांच्यावरून रिअॅक्शन काढल्या तरी बेरीज १८० च येणार. सळईंच्या १४.१२ नेही १८० च येते. त्यामुळे या चेकवर विसंबू नकोस, तो बेरीज-वजाबाकीची चूक पकडतो, सेटलमेंटची नाही.

सेटलमेंटची चूक पकडायची तर काढलेल्या मोमेंटवरून बीम पुन्हा वाकवून बघायचा की प्रत्येक सपोर्ट कुठे जाऊन बसतो. तुझ्याच जुन्या उत्तरावर करून बघू. तुझा थीटा बी होता अधिक ०.००१६२, क्लॉकवाइज, म्हणजे बी पाशी बीमचा उतार उजवीकडे खाली. त्या उताराने सरळ ४ मीटर गेलो तर ६.४७ मिमी खाली. आता बीसी चा स्वतःचा वाक. बी पासचं ५२.९४ हॉगिंग सी ला खाली ओढतं आणि ६० चा लोड त्या वाकाला उलटा वळवतो. मोमेंट एरिया लावला तर हॉगिंगचे २८२.३५ वजा सॅगिंगचे २४०, उरले ४२.३५, भागिले १२०००, म्हणजे ३.५३ मिमी आणखी खाली. बी स्वतः १० मिमी खाली आहेच. सगळं मिळून २०.

म्हणजे तू सोडवलेल्या बीममध्ये बी १० मिमी खाली आणि सी २० मिमी खाली आहे. गणित तुझं एकदम बिनचूक होतं, फक्त ते दुसऱ्याच बीमचं होतं.

हेच नव्या उत्तरावर कर. उतार आता उजवीकडे वर चढणारा, त्याचे ४.१२ मिमी वर, वाकाचे ५.८८ मिमी वर, बेरीज १०, आणि बी १० खाली. सी बरोबर शून्यावर येतो. परीक्षेत तीन मिनिटं लागतात पण मग झोप लागते.

पाचवंसेम

ओ हो! सी २० मिमी. बरोबर, कारण मी बीसी ची रेघ पण खालीच उतरवली होती.

पण ५२.९४ चं कोडं??

धंतोलीची

ते खरंतर मजेशीर आहे आणि मलाही आधी वाटलं टायपो असेल. लोड सगळा काढून टाक आणि विचार कर की नुसता रिकामा बीम आहे, ए ला भिंतीत घट्ट. बी पाशी त्याला खाली दाबून १० मिमी वाकवला, सी ला कोणी धरलेलंच नाही. ए-बी हा साधा कॅन्टिलिव्हर झाला. टोकाचा उतार १.५ गुणिले डेल्टा भागिले एल, म्हणजे १.५ गुणिले ०.०१ भागिले ६, म्हणजे ०.००२५. बी च्या पुढे बीमवर काहीच नाही, त्यामुळे तो भाग वाकणार नाही, त्याच उताराने सरळ पुढे जाईल. ४ मीटरवर तो किती उतरेल? ४ गुणिले ०.००२५, बरोब्बर १० मिमी. म्हणजे सी आपोआप २० मिमीवर पोचला!

तू नकळत सी ला जिथे नेऊन ठेवलंस तिथे तो रिकामा बीम स्वतःहूनच जात होता. म्हणून बीसी मध्ये सेटलमेंटमुळे नवं मोमेंट शून्य, बी ला फरक शून्य, आणि ए ला फक्त कॅन्टिलिव्हरचं ३ ईआय डेल्टा बाय एल वर्ग, म्हणजे १०. बघ, तुझं ६३.५३ चं ७३.५३ झालं होतं ना, नेमके १० वाढले.

हे फक्त ६ आणि ४ या लांब्यांमुळे जुळलं. बीसी ५ मीटर असती तर तुला बी ला वेगळाच आकडा आला असता आणि तू तो मुकाट्याने लिहून आला असतास. नशीबवान आहेस.

वऱ्हाडी_बीम

माय माय माय. पेपर काढणाऱ्यानं हे मुद्दाम केलं अशीन का?

एमएच३१वाला

पेपर काढणारा मागच्या वर्षीच्या पेपरात फक्त आकडे बदलतो, एवढा विचार कोण करते.

सळई

थांबा थांबा. धंतोलीची यांचं पटलं, पण मग माझं १४.१२ का चुकलं ते कोणी सांगेल का? चिन्ह तर माझं बरोबर होतं असं मास्तरच म्हणाले. बीम वाकवून पाहिला तर माझा सी १६.६७ मिमी वर उडून राहिला आहे, म्हणजे गडबड आहे हे मान्य.

खामल्याचे मास्तर

तुमची पद्धत चांगली आहे, अर्धीच वापरलीत. सी मोकळा सोडायचा म्हणजे तिथे साचलेलं मोमेंट सोडून द्यायचं, आणि सोडताना त्याचं अर्धं बी कडे जातं. सी ला साचलंय किती? लोडचं ३० आणि सेटलमेंटचं ४५, एकूण ७५. त्याचं अर्धं ३७.५ बी कडून वजा करायला पाहिजे होतं. तुमचं १५ राहिलं, ते १५ वजा ३७.५ म्हणजे वजा २२.५ व्हायला हवं.

```
M_BC = -22.5 + 9000θB
```

तुम्ही स्टिफनेस चारचा तीन केलात पण लोड आणि सेटलमेंटचे आकडे जुनेच ठेवलेत. पुष्कळांना लोडचं लक्षात राहतं, सेटलमेंटचं राहत नाही. एक टोक मोकळं असेल तर सहाच्या जागी तीन ईआय डेल्टा बाय एल वर्ग, म्हणजे ४५ चे साडेबावीस. लोडचे ३० होतात ४५. योगायोगाने तुमच्या गणितात ४५ दोन वेगळ्या अर्थांनी येतं, त्यानेही घोळ झाला असेल.

सळई

बरोबर. वजा २२.५ टाकलं की ३१.७६ येतं. वीस वर्षं झाली हो कॉलेज सोडून, तरी बरं चिन्ह आठवलं.

वऱ्हाडी_बीम

मले एक समजत नाही, एवढं स्लोप डिफ्लेक्शन काऊन करता? मोमेंट डिस्ट्रिब्युशन लावा. बी पाशी एकदाच वाटायचं. बीए कडे ८००० बीसी कडे ९०००, अनबॅलन्स ४० वजा २२.५ म्हणजे १७.५, त्यातले ८.२४ बीए ले, ९.२६ बीसी ले, आन ८.२४ चं अर्धं ए ले. एका चक्करमध्ये खलास, तेच ३१.७६ आन ८४.१२. हार्डी क्रॉसनं १९३० मध्येच छापून ठेवलं हो.

खामल्याचे मास्तर

इथे एकच जॉइंट मोकळा आहे म्हणून एका चकरेत संपलं. आणि ते १७.५ मध्ये चिन्ह चुकलं तर क्रॉसची पद्धतही तेवढ्याच इमानदारीने चुकीचं उत्तर देते. प्रश्न पद्धतीचा नव्हताच.

बेसाकर

मास्तर, येतो म्हणाला होतात.

काळीमाती

बेसाकर काका, मास्तरांच्या आधी मी बोलतो, मी साइटवर असतो आणि काळ्या मातीतली घरं पाहत असतो. किती मिमी चालतं याला एका आकड्यात उत्तर नाही, कारण सगळं घर सारखं बसलं तर काहीच होत नाही, एक कॉलम शेजारच्यापेक्षा जास्त बसला तर भेग पडते. किती बसला यापेक्षा किती अंतरात बसला हे बघावं लागतं.

वरच्याच गणितात बघा. तोच १० मिमी, ६ मीटरच्या स्पॅनला २० देतो आणि ४ मीटरच्या स्पॅनला ४५. लांबीचा वर्ग खाली बसतो त्यामुळे छोटा स्पॅन जास्त मार खातो. घरात बाथरूमचा दोन-अडीच मीटरचा छोटा स्पॅन आणि शेजारी हॉलचा मोठा, असं असलं की भेग आधी छोट्या बाजूला दिसते.

दुसरं म्हणजे काळ्या मातीत मधला कॉलम क्वचितच आधी हलतो. घराखालची माती मधोमध ना फार भिजते ना फार वाळते. कडेला उन्हाळ्यात माती वाळून आकसते, पावसात फुगते, त्यामुळे बाहेरचे कॉलम खालीवर होतात. म्हणजे पोराच्या गणितात बी नाही, सी दबला असं धरा. मी करून पाहिलं, एकटा सी १० मिमी दबला तर बी चं हॉगिंग कमी न होता ५२.९४ चं ६३.५३ होतं. मधला दबला की मधलं हॉगिंग घटतं आणि कडेचा दबला की वाढतं. भेगेची जागा पाहून कोणता कॉलम हलला याचा अंदाज असाच करतात.

धंतोलीची

हे छान सापडलं. एकटा सी १० दबला की बी चं १०.५९ वाढतं, मग २० दबला की २१.१८ वाढेल. आणि एकटा बी १० दबला की ५२.९४ चं ३१.७६, म्हणजे २१.१८ कमी. दोन्ही एकत्र केले की शून्य! पाचवंसेमचं कोडं दुसऱ्या वाटेने सुटलं.

काळीमाती

हो की, माझ्या लक्षातच आलं नाही.

काका, सध्या पुट्टी भरू नका. भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, वर तारीख लिहा. पावसाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात बघा. फुटली तर हालचाल चालू आहे, मग स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. आणि भिंतीलगत बाग असेल, पाण्याची टाकी गळत असेल तर ते आधी बंद करा.

बेसाकर

भिंतीलगत मोगरा, कढीपत्ता आणि एक संत्र्याचं झाड आहे. बायको संत्र्याचं झाड काढू देणार नाही.

वऱ्हाडी_बीम

नागपुरात संत्र्याचं झाड काढायला लावणाऱ्यालेच काढून देतीन वहिनी.

सळई

एक शंका उरली. ईआय १२००० घेतलं ते समजलं. पण काँक्रीटचा बीम असेल तर ईआय कोणतं घ्यायचं? लोडच्या मोमेंटला ईआय दोन्ही स्पॅनला सारखं असलं की ते कटून जातं, सेटलमेंटच्या मोमेंटमध्ये मात्र ते सरळ गुणाकारात बसतं. ईआय दुप्पट तर २० चे ४० आणि ४५ चे ९०.

काळीमाती

तोच तर मुद्दा आहे. भेगा पडलेल्या काँक्रीटचं ईआय पूर्ण सेक्शनच्या बरंच खाली येतं. शिवाय माती हळूहळू बसते आणि तेवढ्या काळात काँक्रीट क्रीपमुळे ढिलं पडत जातं, त्यामुळे सेटलमेंटचं मोमेंट कागदावर येतं तेवढं साइटवर साचत नाही. मी तर पूर्ण ईआय कधीच घेत नाही, अर्ध्याच्याही खाली घेतो.

खामल्याचे मास्तर

माझं मत वेगळं आहे. कॉलम एका पावसात दबला तर क्रीपला वेळ कुठे मिळतो? अशा वेळी अर्ध्याखाली जाणं मला धाडसाचं वाटतं. स्टीलला तर हा आडोसाही नाही. वरचा १२००० म्हणजे साधारण २५० ते २७५ मिमी खोलीचा आय सेक्शन. हाच बीम २५ मिमी दबवून पाहा, बी वरचं हॉगिंग अगदी शून्य होतं आणि ए ला ११५ येतं. त्या सेक्शनचं स्टील २५० मेगापास्कलचं असेल तर साधारण तिथेच ते यील्ड व्हायला लागतं. त्याच्या पुढे आपली चारही समीकरणं बंद पडतात, कारण बीम तेवढा सरळसोट इलास्टिक राहत नाही.

काळीमाती

स्टीलबद्दल मान्य. काँक्रीटबद्दल नाही. एका पावसात दबलेला कॉलम मी पाहिला आहे, त्यात बीमला भेगा पडल्या की ईआय तिथल्या तिथेच खाली येतं, क्रीपची वाट बघत नाही.

खामल्याचे मास्तर

भेगा पडल्या हेच तर टाळायचं आहे ना बाप्पा. भेग पडणार आहे म्हणून कमी ईआय घ्यायचं आणि कमी ईआय घेतलं म्हणून मोमेंट कमी आलं असं म्हणायचं, हे मला पचत नाही.

एमएच३१वाला

सावजीच्या रस्स्यापेक्षा तिखट चाललं आहे.

पाचवंसेम

गुरुवारचं सांगतो. गणित आलं, पण उलटं करून! फिक्स्ड टोक उजवीकडे, रोलर डावीकडे, मधला सपोर्ट ८ मिमी दबलेला, आणि ईआय द्यायच्या ऐवजी ई गिगापास्कलमध्ये आणि आय मिमीच्या चौथ्या घातात. अर्ध्या वर्गाने ८ मिमीचे मीटर केले आणि आय तसाच ठेवला, त्यांचं मोमेंट लाखांत गेलं. मी आधी रेघा काढल्या, डावीकडची उतरती, उजवीकडची चढती. शेवटी बीम वाकवून रोलरपर्यंत गेलो तर ०.०१ मिमी वर आला, तो राउंडिंगचा असेल असं समजून पेपर दिला.

रूममेटने रेघा न काढता सोडवलं आणि त्याचं फिक्स्ड टोकाचं चिन्ह चुकलं. पोहे त्याला तरी खाऊ घालावे लागलेच, आधी कबूल केलं होतं म्हणून.

धंतोलीची

०.०१ राउंडिंगचंच आहे.

बेसाकर

काच लावली. तीन आठवडे झाले, दोन मोठे पाऊस झाले, अजून शाबूत आहे. संत्र्याच्या झाडाला पाणी देणं कमी केलं आहे, बायकोला सांगितलेलं नाही.